फेटेमास्तर

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडकडून बाजारपेठेकडे मान वर करून चाललात, तर गावात किती कर्तबगार माणसं राहतात याचा अंदाज येतो. कुणाची निवड झालेली असते, कुणाची फेरनिवड, आणि ज्याचं काहीच झालेलं नसतं त्याचं अभीष्टचिंतन. निमित्त कसलंही असो, फ्लेक्सवरच्या डोक्याला फेटा आणि खांद्यावर शाल पाहिजेच. यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्याला उभ्या जन्मात फेट्याचं कापड लागलेलं नसतं. तो फेटा मास्तरांनी बांधलेला असतो, दुकानातल्या खुर्चीवर बसून, उजव्या हातात माऊस आणि डाव्या हातात चहाचा ग्लास धरून.

मास्तर शाळेतले नव्हेत. पूर्वी ते पाट्या रंगवायचे. दूध डेअरीचा बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा वाघ, पिठाच्या गिरणीवरचा मारुती, सगळं त्यांच्या ब्रशचं. फ्लेक्स आला आणि ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यातच वाळला. मास्तरांनी दोन दिवस फ्लेक्सला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी भाच्याकडून फोटोशॉप शिकायला बसले. डोळा मात्र पेंटरचाच राहिला आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. इतर दुकानांत फेटा फोटोवर ठेवतात, मास्तर तो बांधतात. त्यामुळे इतर दुकानांत जे काम चहा येईपर्यंत होतं, त्याला मास्तरांकडे चहा तीनदा येतो.

फेटा ठेवलाय की बांधलाय हे ओळखायची मास्तरांची रीत सोपी आहे. ते फ्लेक्सखाली उभं राहून पहिल्यांदा कपाळ बघतात. फेट्याची खालची कड सरळ रेघेत गेली असेल, तर तो डब्यावर झाकण ठेवल्यासारखा ठेवलेला. डोकं गोल असतं, त्यामुळे त्याला वेढणारी कड फोटोत सरळ दिसायची फक्त कॅमेरा बरोबर तिच्याच उंचीवर असला तर. फोटो जरा वरून काढला असेल तर कड मधोमध भुवयांकडे झुकते, खालून काढला असेल तर मधोमध वर चढते. मग ते खालच्या शुभेच्छुकांकडे वळतात. तिथं पंधरा गॉगल, पंधरा फेटे, आणि पंधराही फेट्यांवर उजव्या बाजूला तीच एक चुणी, त्याच जागी, त्याच वळणाची. "एकाच कापडात पंधरा डोकी गुंडाळलीत," म्हणत मास्तर पुढं सरकतात. सोबतचा माणूस नावं वाचत असतो. मास्तरांना नावांशी कर्तव्य नाही. त्यांना गाव कवटीवरून पाठ आहे. सरपंच म्हणजे अरुंद कपाळ आणि बाहेर आलेला डावा कान. सोसायटीचे सचिव म्हणजे मागं चपटं डोकं, शेमल्याला आधार नाही.

परवा अण्णा दूध संस्थेचे चेअरमन झाले. पुतण्या फोटो घेऊन आला. "मास्तर, धा बाय आठचा मारा. संध्याकाळपातूर पायजे." फोटो कुठला, तर लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला, व्हॉट्सॲपवर चार घरं हिंडून आलेला. अण्णा पुढच्या रांगेत खुर्चीवर, फोटोग्राफर उभा, म्हणजे कॅमेरा वरून. मान डावीकडे कललेली, तोंड अर्धवट उजवीकडे वळलेलं. टकलावर फ्लॅशचा पांढरा डाग. आणि खांद्यावर पाहुण्यांचा हात. पाहुणे कापून गेले, हात राहिला.

मास्तरांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. पुतण्याला वाटलं, लाइट गेली.

"कपाळ कुठं संपतंय तेवढं सांग," मास्तर म्हणाले. पुतण्या बारकाईनं बघून म्हणाला, "मागं... कॉलरला."

टक्कल असलं की केसांची रेघ नसते, मग फेटा किती खाली आणायचा याचा अंदाज चुकतो. बहुतेक जण तो वर ठेवतात आणि मग माणूस घाबरलेला दिसतो. मास्तर केसांना विचारतच नाहीत. भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं भुवईच्या वर मोजायचं आणि तिथं कड आणायची, हा त्यांचा हिशेब. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांतून त्यांनी एक आडवी रेघ मारली. ती डावीकडे उतरत होती. फेटा तेवढाच कलायला हवा. मान कललेली आणि फेटा ताठ, असं झालं की फेटा दुसऱ्याचा वाटतो.

मग फेटा निवडायचा. याचा साठा मास्तरांनी स्वतः तयार केलाय. भाच्याला गच्चीवर सावलीत स्टुलावर बसवून, फेटेवाल्याकडून खरा कोल्हापुरी फेटा बांधून घेऊन, समोरून, अर्धा डावा, अर्धा उजवा, वरून, खालून असे फोटो काढून ठेवलेत. भाच्याचं डोकं आज तालुकाभर सत्कार घेत फिरतंय, तो अजून बारावीत आहे. या साठ्याचं कारण असं, की समोरून काढलेला फेटा थोडाफार वळवता येतो, पण डोकं बरंच वळलेलं असेल तर फेट्याची जी बाजू फोटोत आलेलीच नाही ती ओढून आणणार कुठून? उलटा आरसा मारून भागवणारे भागवतात. त्यात तुरा भलत्या बाजूला जातो आणि उजेडही उलटतो, चेहऱ्यावर ऊन डावीकडून आणि फेट्यावर उजवीकडून.

वरून, अर्धा उजवा असा फेटा त्यांनी उघडला. Ctrl+T, मग Warp. फेट्यावर जाळी आली. इथं मास्तरांनी ग्लास खाली ठेवला, म्हणजे काम गंभीर. तोंड उजवीकडे वळलेलं असलं की त्या पलीकडच्या बाजूचं डोकं आपल्या नजरेआड वळत जातं. तिथल्या घड्या एकमेकींच्या जवळ आल्या पाहिजेत, अलीकडच्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. जाळीच्या पलीकडच्या उभ्या रेघा त्यांनी आत दाबल्या, खालची कड मधोमध थोडी भुवईकडे ओढली. फेटा कवटीपेक्षा सगळीकडून जरा बाहेर ठेवला, कारण खाली कापडाचे कितीतरी वेढे असतात. कवटीच्या मापाचा फेटा काढला तर तो रंगवलेला दिसतो. मग कान. कानाचं वरचं टोक वेगळं कापून फेट्याच्या वर घेतलं. "कान वर घेतला न्हाई तर फेटा कानात शिरतुय," हे वाक्य मास्तर प्रत्येक फेट्याला म्हणतात, समोर कुणी असो वा नसो.

हे सगळं फेट्याला चालतं, कारण फेटा दर वेळी नव्यानं बांधला जातो, त्याचं वळण डोक्यागणिक बदललं तर कुणी शंका घेत नाही. पुणेरी पगडीला मात्र मास्तर Warp लावत नाहीत. पगडी शिवून तयार असते, घट्ट असते. तिला 2009 साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. ती डोक्याप्रमाणे वाकली की मऊ पडते आणि माणूस विद्वान दिसायच्या ऐवजी आजारी दिसतो. निवृत्त प्राध्यापक आले की मास्तर पगडी वाकवत नाहीत, प्राध्यापकांनाच दुसरा फोटो आणायला सांगतात.

अण्णांच्या कपाळावर आता सावली. Multiply लावलेला एक पातळ थर, कडेला चिकटून गडद आणि खाली लगेच विरणारा. काळा नाही, तपकिरी. काळ्यानं कपाळावर काजळी धरते. फ्लॅशचा डाग फेट्याखाली गेला होता, पण त्याची शेपटी भुवईपर्यंत उरली होती, तीही पुसली. डोक्यावर फेटा असताना त्याच्या सावलीत चकाकी कुठून येणार? शेवटी फेटा थोडासा धूसर केला आणि त्यात दाणे मिसळले. पुतण्या कळवळला, "ओ मास्तर, चांगला फेटा खराब केला की!" पण चेहरा चार घरं हिंडून आलेला आणि फेटा ताजा, असं असलं की नजर आधी फेट्याकडे जाते.

राहिली शाल. ती दुकानातल्या नव्या पोरानं आधीच घालून ठेवली होती. पोरगं क्लास करून आलेलं, त्यानं Displace वापरलं होतं. यात खालच्या सदऱ्याचा करडा नकाशा करून देतात. मधल्या करड्याला कापड जागचं हलत नाही, त्याहून उजळ भाग ते एका बाजूला सरकवतो, गडद भाग दुसऱ्या बाजूला. त्यामुळे वरचं कापड सदऱ्याच्या चुण्या पकडतं. इतक्या इमानानं पकडल्या होत्या की अण्णांच्या खिशातलं पेन शालीवर उमटलं होतं.

"बाळा," मास्तर म्हणाले, "ही लोकरी शाल हाय. ओलं बनियन न्हवं."

जाड कापड खालच्या बारीक चुण्या विचारत नाही, ते फक्त अंगाची गोलाई घेतं. नकाशा आधी भरपूर धूसर केला तर निदान पेन जातं. शालीच्या स्वतःच्या घड्या कुठून निघतात हे मात्र नकाशा सांगत नाही. पसरून पांघरलेली शाल मानेमागून येते, खांद्याच्या टोकाला अडते आणि तिथून घड्या खाली सुटतात. मास्तरांनी Puppet Warp घेतलं, मानेजवळ, खांद्याच्या टोकाला आणि छातीवर टाचण्या मारल्या. मानेमागचा तुकडा वेगळ्या थरावर कॉलरच्या मागं सरकवला. उजवा खांदा झाला. डाव्या खांद्यावर पाहुण्यांचा हात.

पोरानं शाल हातावरूनच नेली होती, त्यामुळे अण्णांच्या खांद्याला कुबड आलं होतं. शालीनं पंजा झाकता येतो, त्याची उंची झाकता येत नाही. मास्तरांनी उजव्या खांद्याची रेघ उलटवून डावीकडे लावली, मानेच्या कलाप्रमाणे थोडी खाली उतरवली आणि शाल त्या रेघेवर बसवली. बाहेर राहिलेला हात पुसून टाकला. काठ खांद्याच्या उतारानं वळतोय का ते दोनदा तपासलं, कारण साध्या कापडात खपलेली चूक काठ चव्हाट्यावर आणतो.

"एवढं कोण बघतंय, मास्तर? रस्त्यावरनं मानूस गाडीवर जातुय," पुतण्या म्हणाला.

"त्याची बायको बघती," मास्तर म्हणाले. "मागं एकदा एक वैनी खाली उभारून म्हणाल्या, हे आमच्या ह्यांचं डोकं न्हवं. सगळा फ्लेक्स उतरवला."

फ्लेक्स लागला. सत्कारही झाला. सत्काराला भाड्याचा फेटेवाला उशिरा आला, गर्दीत त्यानं अण्णांना घाईघाईनं फेटा गुंडाळला, तो डाव्या कानावर उतरला आणि शाल एकाच खांद्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी पुतण्या पुन्हा दुकानात.

"मास्तर, अण्णा म्हणत्यात, फोटोतला फेटा काय खरा वाटत न्हाई. फ्लेक्सवरचा लावून द्या. पेपरला पाठवायचाय."

मास्तरांनी फोटो मोठा केला, कपाळापाशी गेले आणि बराच वेळ बघत बसले.

"जादा पडतील," शेवटी म्हणाले. "हा खरा फेटा काढला की खाली कपाळच न्हाई. ते मला नवीन करावं लागणार."

"किती जादा?"

"टक्कल धरून सांगू, का केस घालायचेत?"