नमुना

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या पेढ्यांमध्ये आढळणारे 'नमुनेवाले साहेब' साधारणतः गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी केल्या जाणाऱ्या ऑक्टोबरच्या आसपासच्या छाटणीच्या, सुमारास जागृत होतात. नमुना म्हणजे मजकूर भरण्याचा ठरीव साचा. या शब्दाचा दुसरा अर्थ हाताखालचे फील्ड ऑफिसर साहेबांच्या पाठीमागे वापरतात.

नमुन्यापूर्वीच्या काळात दर शुक्रवारी अहवाल म्हणून एक जण 'प्लॉट एकदम झकास' असे कळवी, दुसरा ट्रॅक्टरच्या आवाजात बोललेला सात मिनिटांचा निरोप पाठवी, आणि तिसरा घडाच्या छायाचित्रात घडापेक्षा स्वतःच अधिक दिसे. म्हणून साहेबांनी नमुन्याच्या सहा ओळी ठरवल्या: प्लॉट क्रमांक, छाटणीपासूनचे दिवस, मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, आठवड्यातील फवारण्या, अडचण, हवी असलेली मदत. हुकमाबरोबर त्यांनी कारणही दिले, हे त्यांच्या जातीत दुर्मीळच. नमुना वेळेवर आला तर त्याच माहितीसाठी सोमवार ते गुरुवार फोन येणार नाही, असे त्यांनी लेखी कळवले, आणि साहेबांचे फोन ज्यांनी अनुभवले होते त्यांना याहून मोठे आमिष नव्हते.

'झकास' या शब्दातून मागच्या आठवड्याचा 'झकास' वजा करता येत नाही, आकड्यातून आकडा मात्र येतो. एका प्लॉटचा मणी ७० व्या दिवशी १० मिलिमीटर आणि ७७ व्या दिवशी ११ भरला, तर शेजारच्या प्लॉटचा दोन्ही वेळा १०च राहिला, आणि दोन्ही बागा ज्याच्या मते झकासच होत्या त्या ऑफिसरला मुळ्या, पाणी आणि घडांची संख्या तपासायला त्याच दिवशी जावे लागले. कोरी जागा साहेबांना वर्ज्य आहे, कारण 'फवारणी झाली नाही' आणि 'लिहायचे राहिले' हे दोन्ही अर्थ तिच्यात सारखेच मावतात, आणि काढणीच्या वेळी औषधाचा अंश मोजला जातो तेव्हा हा फरक महागात पडतो.

मागचाच अहवाल तारीख बदलून पाठवणारा महाभागही लवकरच निपजला, पण छाटणीपासूनचे दिवस सातांनी वाढवायला तो विसरला, आणि त्याची बाग आठवडाभर थांबून राहिल्याबद्दल साहेबांनी कालावरील त्या विजयाचे लेखी अभिनंदन केले. अवकाळी पावसानंतरची डाऊनी, म्हणजे पानांवर आणि घडांवर झपाट्याने पसरणारी बुरशी, शुक्रवारची वाट पाहत नाही, म्हणून ती दिसताच फोन करावा, एवढी एक सूट नमुन्याच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे. ती देताना साहेबांना झालेले दुःख मात्र मोठ्या अक्षरांचे होते.

हंगामाच्या शेवटी एका त्रासलेल्या ऑफिसरने 'अडचण' या ओळीत 'हा अहवाल' असे भरले. साहेबांनी ते दोनदा वाचले, जागा कोरी नसल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि 'हवी असलेली मदत' ही ओळ रिकामी का, अशी विचारणा केली.