आमच्या पैशांचा पाहुणचार पुरे

मा. परतावा विभागप्रमुख,


तुमच्या ॲपवरून घेतलेला ३,२०० रुपयांचा मिक्सर पहिल्याच चटणीला धूर ओकला. तुमच्या माणसाने तो विनातक्रार परत नेला आणि तो जिना उतरतो न उतरतो तोच 'परतावा यशस्वी' असा संदेश आला. एवढी तत्परता पाहून मी गहिवरले. मग कळले, की पैसे क्रेडिट कार्डावर गेलेलेच नाहीत, ते तुमच्याच वॉलेटमध्ये बसलेत. आता बँकेला ३,२०० खरे रुपये मी भरायचे आणि तुमच्याकडचे ३,२०० तुमच्याच दुकानात, सहा महिन्यांच्या आत खर्चायचे!

तुमच्या मदतकेंद्रातील ताईंनी 'तांत्रिक कारण' सांगितले. मी बावीस वर्षे बँकेत काढली आहेत, त्यामुळे हे कारण जरा घशात अडकले. कार्डावर पैसे परत करायला तुम्हाला माझा कार्ड नंबरही लागत नाही. मूळ व्यवहाराचा क्रमांक पेमेंट गेटवेला कळवला, की पैसे आल्या वाटेने तुमच्या बाजूच्या बँकेकडून कार्ड नेटवर्कमार्फत माझ्या बँकेत पोहोचतात. या प्रवासाला काही दिवस लागतात, हे मान्य. वॉलेटला क्षणही लागला नाही, कारण पैसे हललेच नाहीत. तुम्ही आपल्याच वहीत एक ओळ लिहिलीत.

राहिला संमतीचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरांना बजावले आहे, की ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला खास संमती दिली नसेल तर परतावा मूळ मार्गानेच द्यावा. पण वॉलेटमधली नोंद त्या बिचाऱ्या ॲग्रिगेटरपर्यंत जातच नाही, त्याला दोष कसा द्यावा? शिवाय माझी 'संमती' तुमच्याकडे आहेच म्हणे. परत पाठवण्याच्या पानावर 'झटपट परतावा' या शब्दांपुढची खूण आधीच केलेली होती. ती काढली नाही, हा माझा गुन्हा. (रोखीने पैसे दिले असते तर परतीची वाट विचारणे रास्त होते. इथे ती ठरलेलीच होती.)

ताईंनी नंतर 'कार्डावरच टाकलेत, बँकेला विचारा' असेही सांगून पाहिले. मी एआरएन मागितला. कार्डावरचा परतावा खरोखर निघाला, की त्याला हा २३ अंकी क्रमांक मिळतो आणि त्यावरून माझी बँक तो शोधू शकते. ताईंनी पाठवलेला क्रमांक नऊ अंकी निघाला. तो तुमच्या तक्रारवहीचा होता.

तरी कृपया वॉलेटमधली ती ओळ खोडा, मूळ व्यवहारावर परतावा पाठवा आणि एआरएन कळवा. कार्डाचे बिल भरायची शेवटची तारीख १८ आहे.

आपली,
मिक्सर नसलेली ग्राहक