मुक्कामी गाडी आणि बारावीचं वेळापत्रक

लेकीचं बारावीचं वेळापत्रक मी बँकेच्या हिशेबाने केलं होतं. आठवड्याचे तास १६८. त्यातून झोपेचे ५६ वजा, जाण्यायेण्यासह कॉलेजचे ३६, क्लासचे १५, क्लासच्या प्रवासाचे पाच-सव्वापाच, आंघोळ-जेवण-केस विंचरणं वगैरे २१. उरले साडेचौतीस तास आणि वर काही मिनिटं. ते सगळे मी ‘स्व-अभ्यास’ या खात्यात जमा केले. चार रंगांचे स्केचपेन वापरून तक्ता फ्रीजवर लावला.

तो मंगळवारी दुपारी बुडाला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार चार ते आठ क्लास, शनिवारी चार ते सात टेस्ट. सोमवारी ती पावणेनऊला घरी आली. जेवून तक्त्याप्रमाणे साडेनऊला ‘गणित, दीड तास’ करायला बसली. अकराला मी डोकावलो तर वहीवर इंटिग्रेशनचं एक उदाहरण आणि त्यावर तिचा गाल. ते दीड तास मंगळवारवर गेले, मंगळवारचे बुधवारवर, आणि बुधवारी पुन्हा क्लास. शुक्रवारपर्यंत डीपीपीचे सात कागद साचले. ही पोरं त्याला बॅकलॉग म्हणतात. आमच्याकडे थकबाकी.

आमचे अण्णा एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तक्ता नीट वाचला आणि विचारलं, “ही गाडी वाटेत कुठे थांबते?”

“अण्णा, ही गाडी नाही.”

“म्हणूनच बंद पडली. अरे, गाडी पोचली त्याच मिनिटाला परतीला सुटेल असं कधी लावत नाहीत. उशीर झाला तर तो कुठे जिरवायचा? तू तर सकाळचा उशीर रात्रीपर्यंत वाहून नेतोयस.”

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीनेच, नवा तक्ता आखला. पहिला प्रश्न नातीला: “क्लासात एक तास शिकवलं तर ते आपलं आपल्याला जमायला किती लागतं?” ती म्हणाली, “साधारण तासभर. गणिताला जास्त.” म्हणजे क्लासचे शिकवण्याचे १२ तास हे खरं तर २४ तासांचं कर्ज आहे, हे बँकेत असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

क्लासच्या रात्री नवीन काहीही नाही. फक्त पाऊण तास वही मिटून आज काय शिकवलं ते आठवून लिहायचं, आणि अडलं तिथे खूण करायची. जड उदाहरणं दुसऱ्या दिवशी. मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते साडेसात, मध्ये अर्ध्या तासाचा चहा. शुक्रवारची उदाहरणं आणि शनिवारच्या टेस्टमधल्या चुका मिळून रविवारी सकाळचे चार तास. शनिवारी टेस्टआधी दीड तास उजळणी, टेस्टनंतर काही नाही. शिवाय ‘गणित, दोन तास’ असं लिहायचं नाही, ‘इंटिग्रेशन, १२ उदाहरणं’ असं लिहायचं. नुसता तास पुस्तकासमोर बसूनही संपतो. उदाहरणं तशी संपत नाहीत.

रविवारी पाच ते सात ही जागा त्यांनी कोरी ठेवली. तो थांबा. आठवड्यात राहिलेलं तिथे भरून काढायचं.

“आणि अकरावी?” लेकीने विचारलं. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे, आणि क्लासमध्ये अकरावीचं सगळं शिकवून संपलेलं.

“ती मुक्कामी गाडी. आठवड्यातून एक फेरी, पण चुकवायची नाही.” गुरुवारी रात्री जेवणानंतर, एक धडा, सव्वा तास. सगळी बेरीज १७ तास, वर कोरा थांबा दोन तासांचा. माझे जवळजवळ निम्मे तास अण्णांनी वाटेतच उतरवून दिले होते. माझ्या पोटात गोळा आला.

पहिल्या रविवारी थांबा अपुरा पडला. दुसऱ्या रविवारीही. मी म्हटलं, “झोपेतला एक तास घेऊ या.” अण्णा म्हणाले, “ड्युटी संपवून आलेल्या चालकाला झोप न देता पुन्हा घाटात पाठवत नाहीत. एकदा उशीर झाला तर पाऊस. सलग दोन आठवडे झाला तर वेळापत्रकच चुकलंय. फेऱ्या कमी कर.” तेव्हा डीपीपीतली फक्त विषम क्रमांकाची उदाहरणं सोडवायची ठरली. ज्या प्रकारात चुकेल, त्यातली सम क्रमांकाचीही. रसायनशास्त्राचा एक जादा प्रश्नसंच तर मीच हौसेने आणला होता. तो मुकाट्याने माळ्यावर गेला.

चौथ्या रविवारी पाच वाजता ती रिकामी होती. मी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तोंडातून गेलंच, “मग आता निदान अकरावीचं थोडं...”

अण्णांनी वर्तमानपत्र खाली न घेता माझ्या हातात भाजीची पिशवी दिली. “तुझी फेरी सकाळपासून थकलीय.”