वीजपट्ट्याला जवसाचं तेल

माझ्या अद्भुत कादंबरीच्या नायकाचा 'वीजपट्टा' कागदावर सहा फूट लांब, वीतभर रुंद आणि बोटभर जाड होता. एक घन सेंटिमीटर पोलाद पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्या हिशेबाने पट्टा गेला 57 किलोंवर, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जड. शत्रूवर तुटून पडण्याआधी नायक स्वतःच पडला असता. लेखकाचा अहंकार हत्याराच्या लांबीत मोजता येतो तो असा. मग पट्टा साडेतीन फुटांवर आणला, रुंदी 3 सेंटिमीटर आणि जाडी 2 मिलिमीटर ठेवली. आता पातं भरलं अर्धा किलो, आणि लवूही लागलं. मूठ खऱ्या दांडपट्ट्याची घेतली. तिच्यात हात कोपरापर्यंत लोखंडात जातो, मनगट वळत नाही, वार खांद्यातून फिरवावा लागतो. भोवती मोकळं रान हवं, नाहीतर पहिला बळी शेजारचा मित्र. आणि ऐन लढाईत नायकाला त्या हाताने अंजनगावचं पानसुद्धा तोंडात टाकता येत नाही!

कोणी म्हणेल, कादंबरीत राक्षस उडतात, मग तिथे गंजाचं काय? राक्षस कोणी पाहिलेला नसतो, म्हणून तो खपतो. गंज मात्र प्रत्येकाने घरच्या विळीवर पाहिलेला असतो. तिथली लबाडी वाचक लगेच पकडतो. म्हणून पावसाळ्यासाठी पात्याला तेल हवं, आणि वऱ्हाडात ते जवसाचंच. हे तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याची साय धरते आणि लोखंड झाकलं जातं. पण ओलं असताना पातं म्यानात घातलं, तर ते तिथेच चिकटतं. नायक गर्जना करून उपसतो आणि हातात म्यानासकट पट्टा येतो. त्याहून वाईट म्हणजे तेल पुसलेल्या सुती चिंध्या. त्यांचा ढीग कोंदट कोपऱ्यात ठेवला, तर तो आतून तापत जातो आणि ठिणगीशिवाय पेटू शकतो. जवस आणि कापूस दोन्ही आपलेच. शस्त्रागार जाळायला फितूर शोधायची गरजच नाही. तेलावर जरा जास्तच घसरलो खरा, पण कादंबरीचं सबंध एक प्रकरण या चिंध्यांनी फुकट दिलं.

दुसरा आक्षेप असा की, एवढ्या उणिवांनी नायक लहान होतो. होऊ द्या. याच अंजनगाव सुर्जीत 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांना इंग्रजांशी तह करावा लागला. त्याआधी महिन्याभरात अडगाव आणि गाविलगड हातचे गेले होते. तिथल्या मराठी फौजेत शौर्य कमी होतं, असं कोण म्हणेल? आपण सेनापतींची नावं पाठ करतो, पण रात्री पात्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराचं नाव कुणाला ठाऊक नाही. माझ्या कादंबरीत म्हणूनच वीजपट्ट्याला नाव नायकाचं नाही, शिकलगाराचं आहे.