कागदोपत्री करोडपती कसे व्हावे

आधी निफ्टीचे दहा-पंधरा वर्षांचे बंद भाव एक्सेलमध्ये उतरवून घ्या. नियम सोपा ठेवा: भाव वीस दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकायचं. B रकान्यात बंद भाव, C21 मध्ये `=AVERAGE(B2:B21)`, D21 मध्ये `=IF(B21>C21,1,0)`, E21 मध्ये त्या दिवसाचा परतावा `=B21/B20-1`. आता सगळी किमया F21 मध्ये आहे. तिथे हे लिहा:

```
=D21*E21
```

समजा, काल निफ्टी १०,००० वर बंद झाला आणि आज १०,२०० वर. सरासरी १०,०६०. भाव सरासरीच्या वर गेला हे साडेतीनला बाजार बंद झाल्यावर कळलं, पण वरच्या सूत्राने तुम्हाला कालच्या १०,००० च्या भावानेच खरेदी करून दिली. दोन टक्के फुकट! घसरणीच्या दिवशी तर आणखी मजा. भाव सरासरीखाली बंद झाला की D शून्य होतो आणि दिवसभराची पडझड तुमच्या हिशेबातच येत नाही. म्हणजे दोन्ही टोकांना उद्याचा पेपर आजच वाचून झाला. काही अरसिक लोक `=D20*E21` लिहितात, म्हणजे कालच्या संकेतावर आजचा परतावा. पायथनवाले त्यासाठी `signal.shift(1)` वापरतात. एवढ्याने नफ्याचा आलेख भुईसपाट झाला, तर नफा नियमाचा नव्हता, त्या एका ओळीच्या फरकाचा होता, हे उघडं पडतं. म्हणून करून बघूच नका.

तरी कोणी करायला लावलंच, तर सरासरीचे दिवस बदलत बसा. पाचपासून दोनशेपर्यंत १९६ पर्याय आहेत, एखादा तरी चमकणारच. समजा ३७ चमकला. मग ‘सदतीस दिवसांचं चक्र’ असं भारदस्त नाव द्या. शेजारच्या ३६ आणि ३८ कडे चुकूनही पाहू नका, कारण तिथे तोटा दिसला तर सदतिसात काही दम नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. रोजच्या परताव्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसून, त्यातून नवे भाव तयार करून, त्यांच्यावर हेच १९६ पर्याय चालवायचे, हा उद्योग तर वैऱ्यालाही सांगू नये. पिसलेल्या, अर्थहीन आकड्यांतला विजेताही तुमच्या सदतिसाइतकाच देखणा निघाला तर?

शेवटची तीन वर्षं मात्र आधीच कुलपात ठेवा, तसा रिवाज आहे. नियम पक्का झाल्यावर ती एकदाच उघडायची असतात. तुम्ही उघडा, तोटा दिसला की बंद करा, मंगळवारी खरेदी नको अशी एक अट वाढवा, पुन्हा उघडा. अशी पाच-सहा वेळा उघडझाप झाली की कुलपातली वर्षंही नियमाला सरावतात आणि नफा दाखवू लागतात. मग आलेखाखाली ठळक अक्षरांत लिहा: ‘न पाहिलेल्या माहितीवर तपासलेले.’