अर्ज लिहिणारे अण्णा

तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणारे बरेच बसतात. कोणीही नमस्कार केला की त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "या, बसा, होऊन जाईल." काम काय आहे ते मागाहून विचारतात. अपवाद एकट्या अण्णांचा. "राम राम अण्णा" म्हटलं की ते चष्म्यावरून बघत म्हणतात, "राम राम. मी फक्त लिहितो. नोंद तलाठी धरतो, मंजूर मंडळ अधिकारी करतो आणि भांडण असेल तर कोर्ट समोर आहे. आत माझी ओळख नाही. आता बसा."

अर्धं गिऱ्हाईक बसतच नाही.

लग्नकार्यातही तेच. यजमान हात जोडून "या या" म्हणाले की अण्णा सांगतात, "आलो. आहेर आणलेला नाही. जेवून जाणार."

एकदा एक पाहुणे वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस लावायला आले. मृत्यूचा दाखला होता, प्रतिज्ञापत्राची तयारी होती. वारस दोन सांगितले: आई आणि स्वतः.

"बहीण?"

"तिचं लग्न झालंय."

"त्याबद्दल अभिनंदन. पण लग्नाने वारस कमी होत नाही. तिचं नाव लिहावं लागेल. वाटा नको असेल तर तिने वारस नोंदीनंतर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवावं. तिच्या वतीने तुम्ही उदार व्हायची सोय माझ्याकडे नाही."

"मग तुमचा उपयोग काय?"

"अक्षर चांगलं आहे," अण्णा म्हणाले.

पाहुणे उठून पलीकडच्या "होऊन जाईल"कडे गेले. तिथे बहिणीशिवायचा अर्ज झाला, चहासुद्धा मिळाला. तलाठ्याने फेरफार धरला आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागली. पाहुण्यांना वाटलं, चावडीवरचं कोण वाचतं? पण भावकी सगळं वाचते. नोटिशीचा फोटो त्याच संध्याकाळी बहिणीच्या मोबाईलवर पोचला आणि तिची लेखी हरकत मुदतीत आली. नोंद तक्रारी झाली, विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत गेली आणि सुनावणीच्या तारखा सुरू झाल्या. "होऊन जाईल"ने तेव्हा वर बघून हात जोडले, "आता साहेबांच्या हातात आहे." अण्णांनी हेच आधी, आणि फुकट, सांगितलं होतं.

शेवटी पाहुणे पुन्हा अण्णांसमोर येऊन उभे राहिले. या खेपेला न सांगता बसले.

अण्णांनी कोरा कागद ओढला. "सगळे वारस लिहून अर्ज करून देतो. बहिणीने हरकत मागे घेतली तर तेही लिहीन. फक्त तिची समजूत इथे घालून मिळत नाही. त्यासाठी एसटी स्टँडवरून गाडी आहे."