इतिवृत्तातली जिलबी

जबलपूरच्या खमरियातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस म्हणून माझी एकच मिरास आहे: इतिवृत्त. ‘सविस्तर व साधकबाधक चर्चा होऊन’ हे पाच शब्द लिहिताना मला साक्षात साहित्य प्रसवल्यासारखं वाटतं. यंदा खजिनदाराच्या मुलाने बैठक मोबाईलवर रेकॉर्ड केली, तिची लेखी प्रत काढली आणि एआयकडून क्षणात इतिवृत्तही करून घेतलं. काम, जबाबदार व्यक्ती, मुदत असे सुबक रकाने. मी प्रसन्न हसलो आणि घरी जाऊन चुका शोधायला बसलो.

आमच्या कारखान्यात तपासणीला दुतोंडी गेज असे. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तीच शिस्त लावली. लेखी प्रतीतल्या ओळींना क्रमांक दिले आणि प्रत्येक कामापुढे मूळ ओळीचा क्रमांक लिहू लागलो. ओळ सापडली नाही, तर काम बाद.

पहिलंच काम: ‘खोव्याची जिलबी आणणे, अध्यक्ष, रविवार.’ आता जबलपुरात बैठक होते ती जिलबीसाठीच. खोव्याची ती काळपट, जाडजूड जिलबी गरम खावी की कोमट, यावर आमच्याकडे दोन घराणी आहेत. गरमवाल्यांना पाकाची चव कळत नाही आणि कोमटवाल्यांना धीर असतो, असं माझं कोमट मत आहे. अर्धी प्रत याच वादाने भरलेली. अध्यक्ष फक्त म्हणाले होते, “रविवारी जिलबी असती तर लोक आले असते!” यंत्राने त्या उसाशाचा ठराव केला.

पुढे ‘मंडप, उपाध्यक्ष, 10 तारीख.’ प्रतीत कुणीतरी म्हणतं, “उपाध्यक्ष बघतील ना.” उपाध्यक्ष बैठकीला नव्हतेच. दुसऱ्याने नाव घेणं म्हणजे जबाबदारी स्वीकारणं नव्हे. तारीख तर कुणी उच्चारलीच नव्हती. “हो जाएगा” एवढंच होतं. दोन्ही रकान्यांत ‘ठरले नाही’ लिहिलं. रिकामा रकाना यंत्राला सोसत नाही. मलाही कधी सोसला नाही म्हणा.

मग उलटी तपासणी: प्रत पहिल्यापासून वाचून, कुणी काही कबूल केलेलं गळलंय का ते पाहणं. जिलबीच्या गदारोळात एक ओळ निघाली. काकू म्हणत होत्या, “एकवीस मोदक मी करीन, पण सिलिंडर कुणीतरी वर आणून द्या.” उत्तर कुणी दिलंच नव्हतं. इतिवृत्तात होतं, ‘प्रसाद, महिलावर्ग.’ माझ्या जुन्या वह्या काढल्या. तिथेही दरवर्षी ‘महिलावर्ग’च. काकूंच्या गुडघ्यांना दोन जिने चढवत नाहीत, हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक आहे.

काकूंचं नाव लिहिलं. सिलिंडरपुढे ‘ठरले नाही’ लिहून अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, “चिटणीस साहेब, आप ही देख लो.” मी हो म्हणालो. पण हे रेकॉर्डिंगमध्ये नाही. माझ्याच नियमाने ते इतिवृत्तात लिहिता येईना.